वरचा थर

आमच्या घराण्यात प्रेम व्यक्त करायची पद्धत नाही. शिव्या द्यायची आहे, आणि तिला कायदे आहेत.

आम्ही मूळचे पुण्याजवळच्या मांजरी गावचे. थोरल्या काकांचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा, ताई आणि मी अशा तीन पोरांना घरात पसारा नको म्हणून गाळ्यावर पाठवलं जायचं. दादा आणि ताई काकांची मुलं, मी त्यांचा चुलतभाऊ. पण एकाच ताटात भांडत जेवल्यामुळे 'चुलत' हा शब्द आम्हाला पुढे शाळेत कळला. यार्डात पहाटेपासून टेम्पोवाले, हमाल आणि आडते यांच्यात जो संवाद चाले, तो ऐकून आमचं मराठी इतकं समृद्ध झालं की दुसरीत असताना मी दिलेली एक शिवी ऐकून हडपसरकडे निघालेला ट्रक जागेवर थांबला होता. ड्रायव्हरने उतरून मला नमस्कार केला. दादा म्हणतो ट्रक पंक्चर झाला होता. दादाला इतिहासाचा आदर नाही.

पण ही विद्या घरी चालेना. कारण साधं होतं. यार्डातल्या बहुतेक शिव्या समोरच्याच्या आई-बहिणीकडे जातात, आणि आमच्यात समोरच्याची बहीण म्हणजे माझीही बहीण, समोरच्याची आई म्हणजे माझी काकू, आणि ती तर तिथेच चुलीपाशी उलथनं घेऊन बसलेली. दादाला मी पहिली शिवी हासडली तेव्हा काकू मान न वळवता म्हणाली, "कुनाच्या आईला म्हनलास रं? म्या हितंच हाय. ये, समोर येऊन म्हन."

मी गेलो नाही. पण उलथनं आलं.

तेव्हापासून कायदा झाला: आई-बहीण वर्ज्य. बापाचा उद्धारही नको, कारण बाप गाळ्यावरून भुकेला परत यायचा. मग उरलं काय? उरला भाजीपाला. रोज डोळ्यांसमोर जे फसवं, नासकं, किडकं येत होतं, तेच आम्ही एकमेकांच्या तोंडावर मारायला लागलो.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर लालबुंद, पुसून-पासून, देठ एका दिशेला करून मांडलेला असतो. खाली हात घातला की चेपलेला, पिचका, पाणी सुटलेला माल. गावातल्या एका लग्नात दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून मिरवत आला, आणि पंगतीत वाकल्यावर मागून चड्डी पार उसवलेली दिसली. ताई शांतपणे म्हणाली, "वरच्या थराचा टोमॅटो." झालं. दादाचं बारसं दुसऱ्यांदा झालं. ताई स्वतः 'पाणी मारलेली मेथी', कारण तिला हात लागायच्या आधी तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. माझ्या नावाचं नंतर सांगतो. माझ्यावर तेव्हाही अन्याय झाला होता.

शिवी मुरते कशी, याचं शास्त्र आहे. पहिल्या वर्षी ती लागते. दादा 'वरच्या थराचा टोमॅटो' ऐकून दोन दिवस जेवला नव्हता; ताई म्हणते एक वेळ, पण मी मोजत होतो. तिसऱ्या वर्षी तो स्वतःच त्यावर हसायला लागला. कॉलेजात जाईपर्यंत टोमॅटो गळून पडला आणि नुसतं 'वरचा थर' राहिलं. मग शब्दही गेले. हवेत तळहात आडवा फिरवायचा, क्रेटवरून हात फिरवावा तसा, एवढं पुरे. दादाच्या लग्नात तो शेरवानी घालून मंडपात शिरला आणि ताईने आणि मी एकदम तळहात फिरवले. वधूपक्षाला वाटलं, ही या घराण्याची आशीर्वाद द्यायची रीत आहे. त्यांच्यातल्या चार ज्येष्ठांनीही गंभीरपणे हात फिरवले. दादा बोहल्यावर हसून हसून असा लाल झाला की वहिनीला वाटलं, याला ताप आहे.

अशी ही तीस वर्षांची मुरलेली शिवी. ती मी एका रविवारी सकाळी मारून टाकली.

आमच्या मांजरीच्या शेतावर आता नऊ मजली इमारत उभी आहे. दादा सातव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. दादा सोसायटीचा अध्यक्ष. वार्षिक सभेत तो उभा राहून नव्या प्रवेशद्वाराचं वर्णन करत होता: ग्रॅनाइट, झुंबर, कुंड्या. आणि मागच्या जिन्यात भिंतीला ओल आलेली, हे सगळ्यांना ठाऊक. मला राहवेना. मी मागच्या रांगेतून तळहात फिरवला आणि ओरडलो, "वरचा थर!"

दादा हसला. इथपर्यंत सगळं कायद्यात होतं.

पण आमचे सेक्रेटरी पडले पेठेतले, निवृत्त. त्यांनी चष्मा खाली केला आणि विचारलं, "म्हणजे काय ते जरा सभेला सांगाल का? की फक्त हातवारे करण्यासाठी आलात?"

मला आयुष्यात कुणी 'सांगाल का' म्हणून विचारत नाही. लोक 'आवराल का' म्हणून विचारतात. मी उभा राहिलो. टोमॅटो सांगितला, थर सांगितला, पंगत सांगितली, चड्डी सांगितली. उसवणीची लांबी मी थोडी वाढवली असेल. सभागृह कोसळलं. शंभर माणसं हसत होती आणि दादा एकटा हसत नव्हता. तो खाली बसला होता आणि समोरचे कागद सारखे करत होता.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक त्याला हात फिरवून दाखवायला लागले. व्हॉट्सअप ग्रुपवर कुणीतरी क्रेटचा फोटो टाकला. सेक्रेटरींनी नळाचं पाणी बंद असल्याची सूचना लावली तर खाली पेनाने लिहिलेलं: 'वरच्या थरालासुद्धा'.

आणि दादा मला लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "नमस्कार. कसे आहात?"

मी मागे वळून बघितलं, तिथे दुसरं कुणी नव्हतं. चाळीस वर्षांत या माणसाने मला 'मर ना तिकडं' याखेरीज काही विचारलं नव्हतं.

मग ते वाढतच गेलं. माझ्या वाढदिवसाला दादाचा फोन दरवर्षी सकाळी सहाला येतो, आणि 'हॅलो'च्या जागी अशी काही वाक्यं येतात की शेजारी खिडक्या लावतात. यंदा गुलाबाच्या चित्रासकट संदेश आला: 'आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' मी त्याला डिवचण्यासाठी माझी गाडी त्याच्या जागेत लावली. त्याने त्याची रस्त्यावर लावली आणि मला म्हणाला, "राहू द्या, आपली सोय झाली ना?" मी तिथल्या तिथे रडलो असतो, पण ती ताईची खासियत.

काकूने दादाला माझ्याशी 'आपण' बोलताना ऐकलं आणि मला कोपऱ्यात घेतलं. "काय केलंस रं? वाटनीचं भांडन झालं तवा बी त्यो कुनाला 'आपन' नव्हता म्हनला."

मी येरवड्याला ताईकडे गेलो. म्हटलं, "असा काय गुन्हा केला मी? हजारदा म्हटलंय त्याला मी ते!"

ताई भांडी आवरत होती. म्हणाली, "तू म्हटलं नाहीस, गाढवा. तू अर्थ सांगितलास. म्हणायचं आपण तिघांनी. अर्थ कळला की ते सगळ्यांचं झालं, आणि सगळे म्हणतात तेव्हा ती साधी शिवी असते. त्याला आता खरंच लागतंय, लहानपणी लागलं होतं तसं."

"मग मी माफी मागतो."

"मागून बघ. तो म्हणेल, 'असू द्या.'"

मी मागितली. तो म्हणाला, "असू द्या."

ओल प्रकरणासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा सभा लागली. मी ठरवून उभा राहिलो. म्हटलं, सेक्रेटरीसाहेब, मागच्या वेळी माहिती अर्धवट दिली, ती पूर्ण करतो. मला घरात 'पाल्याचा फ्लॉवर' म्हणतात. म्हणजे पाल्यासकट दोन किलो, घरी नेऊन सोलला की मूठभर गड्डा. का म्हणतात? कारण मी पाचवीत असताना सांगितलं होतं की मी कालव्यात मगर पाहिली. सगळं गाव काठ्या घेऊन कालव्यावर गेलं. सापडली सायकलची ट्यूब.

आणि बसलो. एवढं थोडक्यात मी आयुष्यात काही सांगितलेलं नाही. लोक हसले. मला वाटलं होतं, हसू मला बोचणार नाही. बोचलं. कानापर्यंत बोचलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी दादाला काय केलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो कागदच चाळत होता.

मग ओलीचा विषय निघाला. मी म्हटलं, जिन्यात एवढी ओल आहे की काल मी तिथे बेडूक...

"फ्लॉवरसाहेब," सेक्रेटरी म्हणाले, "पाला काढून बोलाल का? गड्डा असेल तर सभेपुढे ठेवा, नसेल तर बसा."

पुन्हा हशा. आणि त्या हशात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"ओ सेक्रेटरी!" दादा उभा होता. गळ्यात मार्केट यार्ड भरून आलं होतं. "त्याला काय म्हणालात? परत म्हणा. हिंमत असेल तर परत म्हणा!"

"अहो, त्यांनी स्वतःच आत्ता..."

"तो म्हणेल! मी म्हणेन! माझी बहीण म्हणेल! तुम्ही कोण? तुम्ही कुठल्या गाळ्यावर होता? तुमच्या आजोबांनी कधी फ्लॉवर सोलला होता का?" मग सगळ्या सभेकडे वळला. "आणि यापुढे लिफ्टमध्ये कुणाचा हात आडवा फिरला ना, तर तो सरळ होणार नाही!"

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या!" दादा म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळला. महिनाभर साठलेलं सगळं त्याच्या गालांत जमलेलं मला दिसत होतं. "आणि तू! किडक्या वांग्या! बुरशीच्या बटाट्या! मगर सांगायला लाज वाटत नाही? अख्ख्या गावाबरोबर मलाही काठी घेऊन पळवलंस तू! तीन किलोमीटर! अनवाणी! ऊठ, चल घरी, भाकड कुठला!"

मी उठलो. लिफ्ट समोरच उघडी उभी होती. मी जिन्याने निघालो, म्हणजे त्याला शिव्या मध्येच थांबवाव्या लागणार नाहीत. तो मागोमाग आला, शिव्या देत. दुसरा मजला आला, माझं दार आलं, पण तो अजून मगरीवरच होता, म्हणून मी चढत राहिलो. सातव्या मजल्यावर वहिनीने दार उघडलं आणि आत बघून काकूला सांगितलं, "आई, आणखी दोन भाकऱ्या टाकते."