कुलपाच्या कवितेचा सूर

माझ्या नणंदेला मी चाळीस वर्षे 'वन्सं' म्हणत आले आहे. त्यामुळे आता शेजारचे, दूधवाला आणि दवाखान्यातली नर्ससुद्धा त्यांना वन्संच म्हणतात. त्यांनी लग्न केले नाही. एकतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधन केले, म्हणजे छापायला जाणाऱ्या प्रत्येक कागदावरच्या चुका शोधायच्या. आमचे हे गेल्यानंतर त्या माझ्याकडे राहायला आल्या. "तुम्हाला सोबत म्हणून येतेय, वहिनी. मला एकटीला काही होत नाही," असे त्यांनी सामान दारात ठेवतानाच सांगून टाकले.

निवृत्तीनंतर चार महिने त्यांनी घरातल्या औषधांच्या चिठ्ठ्या, विजेची बिले आणि माझी रोजनिशीसुद्धा लाल पेनाने तपासली. शेवटी माझ्या भाच्याने त्यांना एक काम मिळवून दिले. परीक्षेला बसणारे लोक एका संकेतस्थळावर कविता किंवा कथा चढवतात आणि ती समजावून मागतात. समजावणाऱ्याने तीन मथळ्यांखाली लिहायचे: आशय, प्रतिमा, सूर. विद्यार्थ्याचे उत्तर लिहून द्यायचे नाही, त्याला ते लिहिता येईल एवढी वाट दाखवायची. वन्सं हाताने लिहितात आणि मी टंकते. टंकलेखन मला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवले होते. कळांवर रुमाल टाकून शिकवले, त्यामुळे अजून खाली बघावे लागत नाही.

या कामात वन्संनी दोन वर्षांत नाव काढले. "आशय म्हणजे विषय नव्हे," हे त्यांचे पहिले वाक्य ठरलेले. "कविता झाडावर आहे, हा झाला विषय. झाडाबद्दल ती काय म्हणते, तो आशय. तो पूर्ण वाक्यात सांगता आला पाहिजे." प्रतिमेबद्दल त्यांचा नियम असा, की डोळ्याला, कानाला किंवा हाताला जाणवते ती प्रतिमा, लगेच तिचा अर्थ लावायला धावायचे नाही. आणि कुठलेही विधान केले की शेजारी कवितेतला शब्द ठेवायचा. पुरावा नसेल तर विधान खोडायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला एक कविता आली. पाठवणारी एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजणारी बाई होती, वय छत्तीस. शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी तिची शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. स्वतः निवडलेल्या एका कवितेवर दहा मिनिटे बोलायचे. तिने लिहिले होते, 'बाई, ही तिसरी आणि शेवटची खेप. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही. कविता मला आवडते पण का ते सांगता येत नाही. मागच्या वेळी तिथेच अडले.'

पानाचा फोटो तिरका आणि धुरकट होता. वन्संनी चष्म्यावर भिंग धरून तो कागदावर उतरवला:

बाबा दार ओढायचे, कुलूप लावायचे,
दोनदा हिसका देऊन पाहायचे.
चार पावलं जायचे, परत यायचे,
आणखी एक हिसका.
आम्ही रस्त्यात उभे, हसू दाबत.

आता किल्ली माझ्या खिशात.
चार पावलं जातो, परत येतो,
आणखी एक हिसका.
आत कुणीच नाही.
दार म्हणतं, लागलंय रे, जा आता.

तासाभरात त्यांनी दीड पान लिहून माझ्यापुढे ठेवले. आशय: माणसाला स्वतःच्या घरातही सुरक्षित वाटत नाही, आणि ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालते. प्रतिमा: कुलूप हे बंद मनाचे प्रतीक, दाबलेले हसू म्हणजे बाप आणि मुले यांच्यातला दुरावा, शेवटी घरच माणसाला हाकलते. सूर: उदास, भयग्रस्त, एकाकी.

टंकताना मला कुठेतरी खटकले. पण छापखान्यात मालकाच्या अग्रलेखातल्या चुका काढणाऱ्या बाईला मी काय सांगणार? मूग गिळून बसले आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर पाठवून दिले. ती वेळ माझ्या रोजनिशीत आहे. अर्ध्या तासाने धुलाईघरातून दोन ओळी आल्या: 'धन्यवाद बाई. मला ती अशी वाटली नव्हती, पण तुम्हाला जास्त कळतं. पाठ करते.'

ते 'पाठ करते' मला जेवताना सोडेना.

"वन्सं," मी म्हटले, "ती कविता एकदा मोठ्याने वाचू का?"

"का? टंकलीत ना?"

"टंकणं आणि वाचणं एक नाही. आम्हाला शाळेत उभं राहून वाचल्याशिवाय कवितेवर तोंड उघडायला बंदी होती."

"वाचा. मी ताक पिते तोवर."

मी वाचली. 'हसू दाबत'पाशी मलाच हसू आले, कारण आमचे हे प्रवासाला निघताना गॅसची चावी तीनदा बघत आणि आम्ही जिन्यात ताटकळत उभ्या. शेवटची ओळ म्हणताना माझा आवाज आपोआप मऊ झाला.

वन्संनी पेला खाली ठेवला. "परत वाचा."

मी परत वाचली.

"त्या 'रे'कडे माझं लक्षच गेलं नाही," त्या म्हणाल्या. "हाकलताना कुणी 'रे' म्हणत नाही."

"दाराशी उभी आई म्हणते तसं आहे ते. उशीर होतोय रे, जा आता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही नाकावर माशी बसू देता का?"

त्यांनी कागद उचलला आणि सवयीने बोट शेवटच्या ओळीवर ठेवून वर सरकवू लागल्या. मी ते बोट बघत राहिले. मुद्रितशोधनात खालून वर वाचतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितले होते. वरून वाचले की अर्थाच्या ओघात डोळा चूक ओलांडून जातो. खालून वाचले की प्रत्येक शब्द सुटा दिसतो.

"सकाळी असंच वाचलंत?" मी विचारले.

"फोटो धुरकट होता. अक्षरं तपासायला हवी होती." मग त्यांचे बोट 'आत कुणीच नाही'वर थांबले. त्यांचा चेहरा पडला. "ही ओळ मला आधी भेटली, वहिनी. मग वरचं सगळं त्याच अंधारात वाचलं मी. ते हसू खालून सहाव्या ओळीत दिसलं, तोवर माझं मत झालं होतं. मग त्या हसण्याचाही मी दुरावा करून टाकला."

"कविता वरून खाली चालते."

"ते मला कळतं. एकतीस वर्षं उलटी चालले म्हणून सुलटं विसरले नाही."

पण दिलेले उत्तर संकेतस्थळावर बंद होते. ते पुन्हा उघडायचे तर देखरेख करणाऱ्याला कारण कळवावे लागते. तो मुलगा वन्संपेक्षा चाळीस वर्षांनी लहान. मी कारण टंकू लागले: 'फोटो अस्पष्ट असल्यामुळे...'

"खोडा ते," वन्सं म्हणाल्या. "फोटोवर कशाला खापर? अक्षर एकही चुकलं नव्हतं. लिहा, माझं वाचन चुकलं."

त्यांना हे किती जिवावर आले असेल ते मला ठाऊक आहे. छापखान्यात त्या एकदा एका स्वल्पविरामावरून आठवडाभर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

उत्तर बुधवारी दुपारी दोनला उघडले. या वेळी वन्सं बोलत होत्या आणि मी टंकत होते. 'कालचे विसरा' असे लिहून भागले नसते. चूक कुठे झाली हे त्यांनी तिला सांगितले. मग लिहिले:

'कवितेत दोन काळ आहेत. पहिल्या कडव्यात ओढायचे, पाहायचे, जायचे. म्हणजे तेव्हाची रोजची सवय. दुसरे कडवे "आता"ने सुरू होते. मधल्या रिकाम्या जागेत बरीच वर्षे गेली आणि बहुधा बाबाही गेले. कवी हे सांगत नाही, किल्ली खिशात आल्याचे दाखवतो. ती या कवितेतली मोठी प्रतिमा. कुलपाला बंद मन वगैरे करू नका, त्याला कुलूपच राहू द्या. "आणखी एक हिसका" ही ओळ दोनदा जशीच्या तशी येते. पहिल्यांदा हात बाबांचा, दुसऱ्यांदा मुलाचा. ज्या सवयीला आपण हसलो ती आपल्यात उतरली, हा आशय. सूर ठरवायला शब्द बघा: "हसू दाबत", "रे". सूर मायेचा आहे, किंचित थट्टेचा. आणि "मी" म्हणणारा कवी स्वतःच आहे असे धरून चालू नका. त्याला "बोलणारा" म्हणा.'

धुलाईघरातून संध्याकाळी प्रश्न आला. 'मग दुःख नाहीच का? मला "आत कुणीच नाही"ला भरून येतं.'

वन्संनी चष्मा काढून पुसला. "हुशार आहे हो. मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालले होते. लिहा: आहे. पण ते हसण्याच्या खाली आहे. ती ओळ सगळ्यांत लहान आहे आणि तिथे बोलणारा थांबतो. पुढच्याच ओळीत दार बोलतं आणि त्याला सावरतं. दोन्ही सांगा, आणि कुठल्या ओळीपाशी सूर बदलतो ते बोट ठेवून दाखवा."

"आणि पाठ करू नका म्हणून लिहू का?"

"ते पहिलं लिहा."

गुरुवारी वन्संनी तीन वेळा विचारले की निरोप आला का. मी म्हटले, परीक्षा उद्या आहे. तर म्हणाल्या, ते मला माहीत आहे, मी आपली संगणक चालू आहे का ते विचारतेय.

शुक्रवारी पावणेपाचला निरोप आला. मी तो मोठ्याने वाचला. समोर तीन परीक्षक होते. तिचे निम्मे बोलून झाल्यावर मधल्या बाई म्हणाल्या, मला तर ही कविता फार एकाकी वाटते, तुम्ही थट्टा कुठून काढलीत? 'मागच्या दोन्ही वेळी असं विचारलं की मी "हो, तसंच आहे" म्हणायचे. या वेळी म्हटलं, तुम्ही म्हणता ते नवव्या ओळीत आहे, मी म्हणते ते पाचव्या आणि दहाव्यात. आणि वाचून दाखवलं. माझे वडील सायकलच्या कुलपाला असंच करायचे, तेही सांगितलं. त्या बाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. पण प्रवेश मिळाला. यादी आत्ता लागली.'

वन्संनी निरोप मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "सायकलचं मी नव्हतं सांगितलं."

"नाही. ते तिचं आहे."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "काय उत्तर द्यायचं?"

"अभिनंदन लिहू?"

"लिहा. आणि लिहा, त्या मधल्या बाईंचंही अगदीच चूक नव्हतं."