कडबाकुट्टीचा आवाज

सांगलीत मी छोट्या कारखानदारांच्या जाहिराती करते. कऱ्हाडचे एक चाचा कडबाकुट्टीची, म्हणजे जनावरांचा कडबा बारीक कापणारी, यंत्रं बनवायचे. गिऱ्हाईक मुख्यतः आटपाडी-जतकडचं, मेंढरं आणि म्हशी राखणारं. आम्ही आधी झकास व्हिडिओ केला. पण तिकडच्या वस्त्यांवर रेंज जेमतेम, त्यामुळे तो उघडेपर्यंत कुणी थांबेना. मग एकच हलका फोटो आणि जोडीला अर्ध्या मिनिटाचा बोलका निरोप, एवढंच ठेवायचं ठरलं.

निरोपाच्या सुरुवातीला चाचांनी यंत्राचा आवाज घालायला लावला. "मशीन चांगलं की वाईट, ते शेतकरी आवाजावरनंच वळखतो," ते म्हणाले. मलाही पटलं. चाचांच्या दुकानात ऐकला तेव्हा आवाज साफ होता.

शेतकऱ्यांच्या मोबाईल ग्रुपवर निरोप फिरला आणि चाचांना फोन येऊ लागले. एकाने विचारलं, "आवं, ह्येचं बेरिंग गेलंय न्हवं?" दुसरा म्हणाला, "पातं घासतंय तुमचं."

चाचा चिडले. मला बोलावून त्यांनी यंत्र चालवून दाखवलं. त्यात काही खोट नव्हती. मग मी तोच निरोप एका साध्या, जुन्या फोनवर लावला. लवकर उघडावी म्हणून फाईल दाबून लहान केली होती. माणसाचं बोलणं त्यात नीट कळत होतं, पण यंत्राची घरघर फाटून खडखडाट झाली होती.

"काढा तो आवाज," चाचा म्हणाले. कल्पना त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना ते लागलं होतं, पण मी समजूत घालत बसले नाही.

नवा निरोप एका जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडून घ्यायचा ठरला. आटपाडीकडच्या एका धनगर बाईंनी आदल्या वर्षी यंत्र नेलं होतं. त्यांच्या अंगणात, यंत्र बंद ठेवून मी रेकॉर्डिंग केलं. लिहून नेलेलं त्यांना बोलता येईना, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि नुसतं विचारलं, काय फरक पडला?

"घरच्या लाइटीवर चालती. वाळला कडबा बी बारीक हुतो. आदी म्हसरं निम्मं पायाखाली घालायची, आता दावणीत काय उरत न्हाई." वर त्या म्हणाल्या, "पातं मातूर धार लावून ठेवाय लागतं."

शेवटचं वाक्य काढावं का, असं मी चाचांना विचारलं. "ऱ्हाऊ द्या, खरं हाय," ते म्हणाले. त्यापुढे मी फोन नंबर सावकाश दोनदा म्हटला. वाचता न येणाऱ्यालाही तो कळायला हवा होता.

या वेळी बेरिंगचं कुणी विचारलं नाही. फोन आले ते किंमत विचारायला, आणि धार कुठे लावून मिळते ते विचारायला. पुढच्या आठवड्यात चाचांनी दुकानाबाहेर धार लावायची सहाण बसवली आणि 'धार इथं लावून मिळेल' एवढं एक वाक्य निरोपात वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. फाईल तरीही हलकीच राहिली.