डाळिंबी रंगाचे साठ मीटर

आई अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या शिलाईच्या युनिटमधले सगळे गाऊन तिला टोचायला लागले. सोलापुरात आयुष्यभर गाऊन शिवून विकणारी मी, आणि माझ्याच आईच्या पाठीला चालेल असं कापड माझ्याकडे नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

ओळखीच्या एकाने इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्याच्या सुती कापडाचा तुकडा मी आधी मागवून घेतला. तो आईच्या गालाला लावला, तर तिने डोळे मिटून घेतले. समोरून बांधायचे गाऊन त्याचे शिवायचे, आधी आईला घालायचे, ठीक वाटलं तर दवाखान्यांना दाखवायचे, असं मी ठरवलं.

व्यापारी म्हणाला, एका रंगाचे किमान पाचशे मीटर घ्यावे लागतील. मी साठ मागितले. नवं गिऱ्हाईक बोलतं तसं मीही पुढच्या मोठ्या ऑर्डरीचं गाजर दाखवलं. तो हसला; असं सगळेच म्हणतात. मग मी सरळ बोलले: पेशंटसाठी गाऊन शिवायचेत, पैसे आधी देते, मीटरमागे थोडा दर जास्त लावा, ट्रान्सपोर्ट माझं, आणि कापड धुऊन आटतं का, रंग जातो का, हे बघितल्याशिवाय पाचशे मीटर घेणं मला झेपणार नाही.

तो जरा नरमला. पांढरं तयार आहे, त्यातले साठ उद्या कापून देतो, म्हणाला. रंगाचं मात्र त्याच्या हातात नव्हतं. रंगाईवाला एवढ्याशासाठी मशीन लावत नाही. दुसऱ्या पार्टीचा डाळिंबी रंगाचा लॉट लागायचा होता, त्यात माझं कापड घालता आलं असतं. पण थांबावं लागणार होतं.

मी पांढरंच घेणार होते. आईला विचारलं एवढंच.

"तुजा बाप गेला तवाबी म्या पांढरं नेसलं न्हाय," ती म्हणाली. "आता कशाला? थांबू की."

आम्ही थांबलो. टोचणाऱ्या गाऊनखाली मी जुन्या मऊ साड्यांच्या घड्या घालत राहिले. त्या पार्टीचं काम लांबलं. आई त्याआधीच गेली.

कापडाचा गठ्ठा आला तो तिच्या तेराव्यानंतर. मी तो बरेच दिवस उघडलाच नाही. मग एकदा बसले आणि तिच्या मापाचा एक गाऊन शिवला, दोनदा धुतला.

व्यापाऱ्याचा फोन आला. आटलं का, रंग गेला का, त्याने विचारलं. दोन्ही नाही, मी सांगितलं.

"आणि पेशंट काय म्हणाले, ताई? टोचत तर नाही ना?"

माझ्या अंगात तोच गाऊन होता.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात टोचत नाही."