आईच्या वजनाची सरळ रेघ

आई ऑक्टोबरात नागपूरहून कॅनडात माझ्याकडे, कॅल्गरीला आली, तेव्हाच मी तिला बाथरूममधल्या काट्यावर उभी केली. अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम. वय शहात्तर, एकटी राहणारी बाई. सात-आठ महिने आपल्या ताब्यात आहे तर तिची नीट देखभाल करायची, असा माझा निश्चय होता. मी इंजिनियर माणूस. देखभाल म्हणजे मोजमाप, अशी माझी प्रामाणिक समजूत. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन, आणि लगेच एक्सेलमध्ये नोंद.

रेघ सुंदर आली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, सगळा हिवाळा ती कागदावर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ. मी बायकोला दाखवायचो. "बघ, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही." बायको "वा" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

बाहेर उणे पंचवीस, आणि फुटपाथवर काळा बर्फ. आई घसरून पडेल या भीतीने मी तिला बाहेर पडू देत नव्हतो. वरच्या मजल्यावरची तिची खोलीही खाली दिवाणखान्याशेजारी आणली, जिना नको म्हणून. ग्रोसरी आम्ही आणायचो, भांडी डिशवॉशर घासायचा. आई सोफ्यावर बसून मालिका बघायची, आणि मी केलेल्या सेवेवर मीच खूश होतो.

डिसेंबरात तिने तक्रार केली होती. "ब्लाऊज पोटाशी दाटून राहिले रे. अन् बाह्या ढिल्या."

मी म्हटलं, "आई, ते ड्रायरमुळे. इथे कपडे आटतात."

तिने मान्य केलं. मुलगा शिकलेला, ऑइल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो सांगतो तर ड्रायरच असणार. मग तिच्या बांगड्याही सैल होऊन कोपराकडे सरकायला लागल्या. बांगड्या काही ड्रायरमध्ये जात नाहीत. पण माझ्याकडे रेघ होती ना सरळ, मग मी कशाला विचार करतो!

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आई सोफ्यावरून उठायला गेली आणि उठताच येईना. दोनदा पुढे झुकली, दोनदा परत मागे बसली. तिसऱ्यांदा माझा हात धरून उठली आणि हसली. "बाप्पा, हा तुमचा सोफाच खोल आहे." त्या हसण्याने मी घाबरलो. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिचं परतीचं तिकीट होतं, आणि नागपूरचा तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बिना लिफ्टचा. मी त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, "तू जायचं नाही. तिकीट कॅन्सल करतो."

"माझं घर आहे तिथे," ती म्हणाली. एवढंच. पण रात्री जेवली नाही.

बायकोने मध्यस्थी केली. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवू, मग तिकिटाचं बघू. फिजिओ एक तरुण पंजाबी मुलगी होती, इथेच वाढलेली. तिने आईला साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि म्हणाली, "आंटीजी, अब बिना हाथ लगाए उठिए." आई एकदाही उठू शकली नाही.

मी फोन काढून माझी रेघ पुढे केली. "But her weight is exactly the same. पूरी सर्दी."

मुलीने रेघ पाहिली, मग आईची पोटरी टेपने मोजली, दंड चाचपला, पोटावरून टेप फिरवली. "वेट सेम है, सर. चीज़ बदल गई." सगळा हिवाळा बसून राहिल्याने पायांतला स्नायू गेला होता आणि जवळपास तेवढ्याच वजनाची चरबी पोटावर बसली होती. काटा दोघांची बेरीज तेवढी सांगतो, कोण किती ते सांगत नाही. शिवाय किलोला किलो धरला तरी चरबी जागा जास्त खाते, साधारण सहावा हिस्सा जास्त. चरबीच्या पेशीत बहुतेक तेलाचा थेंबच असतो, पाणी नावाला. स्नायूत चारातले तीन हिस्से पाणी, आणि उरलेलं बहुतेक प्रथिन, ते पाण्यापेक्षाही जड.

आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मटणाच्या रश्श्यात तर्री वर अन् बोटी खाली. तसंच नं?"

मुलीला तर्री समजावून सांगावी लागली. मग तीही हसली. "एग्ज़ैक्टली, आंटीजी."

बायको माझ्याकडे बघत होती. काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि गाडीत बसल्याबसल्या ती म्हणालीच. "अहो, तुम्ही ऑफिसात दिवसभर तेलाची घनताच मोजता ना?" मोजतो. वीस वर्षं मोजतोय. टाकीतलं तेल नुसत्या वजनावरून कुणी माझ्या गळ्यात मारायला आला, तर मी त्याला दारातून परत पाठवेन. आईच्या बाबतीत मात्र मी दाटलेला ब्लाऊज पाहिला, सैल बांगड्या पाहिल्या आणि ड्रायरला शिव्या दिल्या. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. तिचे पाय माझ्याच सेवेने गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळंच राज्य सुरू झालं. आधी उंच खुर्चीवरून उठबस, दहादा. मग खुर्ची बुटकी. मग पाठीवर आमच्या लेकीच्या जुन्या दप्तरात तुरीच्या डाळीची दोन किलोची पिशवी घालून बेसमेंटचा जिना, कठडा धरून, वर-खाली. रोज सकाळी दोन अंडी, जेवणात डाळ घट्ट, आणि रविवारी मटण. फिजिओने बजावलं होतं की पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाटेल ती मुख्यतः नसा कामाला लागल्याची. स्नायू सावकाश भरतो. आईला तेवढा धीर होता. मलाच नव्हता.

रविवारचं वजन मी सोडलं नव्हतं, आणि एप्रिलमध्ये एकदा मोठ्या आशेने काट्यावर वाकलो. अठ्ठावन्न सहाशे. मी हिरमुसलो. एवढी मेहनत आणि काहीच नाही?

"काहून तोंड पाडून बसला?" आईने विचारलं.

"वजन तेवढंच आहे."

"मग? तेव्हाही तेवढंच होतं." आणि ती जेवणाच्या खुर्चीवरून हात न लावता उठून स्वयंपाकघरात गेली, पोळीवर तूप घालायला. तिकीट कॅन्सल करायचा विषय मी तिथेच सोडला.

जूनमध्ये एअरपोर्टवर मी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तिने त्या खुर्चीवर आपली पर्स आणि शाल ठेवली आणि शेजारून चालत गेली. ढकलणारा माणूस बिचारा रिकामी खुर्ची ढकलत राहिला. मी हसत होतो आणि रडतही होतो.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. धाप लागली होती, आणि आवाजात ऐट मावत नव्हती. "दोन मजले चढून आली. मध्ये एकदाच थांबली, तेही शेजारीण बोलत होती म्हणून."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, रविवार होता. सवयीने मी एक्सेल उघडलं. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीच सरळ रेघ. आईचे पाय गेले कधी आणि परत आले कधी, याची त्यात एक खूणही नव्हती. आणि याच रेघेच्या भरवशावर मी तिला हिवाळाभर सोफ्यावर बसवून ठेवलं, आणि पाय गेल्यावर तिच्या घरापासून कायमची तोडायला निघालो होतो.