मेघासुराच्या गदेचा आवाज

रुपचंद नाना एकोणतीस वर्षं मेघासुर राक्षस होते, आणि त्या काळात ते साधारण दीड हजार वेळा मेले. पारोळ्याला मेले, नरडाण्याला मेले, तापीच्या दोन्ही काठांवर मेले. एका गावात तर लोकांनी आग्रह केला म्हणून लागोपाठ दोनदा मेले. एवढ्या मरणांचा अनुभव असलेला माणूस धुळ्यात दुसरा नव्हता, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

सर्वांत जास्त सांगत ते लिलाबाईंना, म्हणजे बायकोला. लिलाबाईंनी नवऱ्याचं काम एकदाही पाहिलं नव्हतं. तसा नियम नानांनीच केला होता. "तू समोर बसलीस तर मी संवाद विसरेन," असं लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं, आणि त्या कधी आल्या नाहीत. त्यामुळे नानांना घरी काहीही सांगायला मोकळं रान मिळालं. गदा फिरवली की पहिल्या रांगेतल्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या विझतात, असं ते म्हणत. लिलाबाई भाकरी थापता थापता "हां" म्हणत.

मग नानांची नाटकमंडळी मोडली. शेवटचा खेळ बोदवडच्या यात्रेत झाला आणि तो पितांबरने कॅमेऱ्यात धरला. पितांबर म्हणजे धुळ्यातला लग्नाचे व्हिडिओ करणारा. त्याचं मिक्सिंगचं दुकान एका गल्लीत, जिन्याखाली होतं. त्याने हौसेने कॅसेट घडवली आणि नानांना सांगितलं, "आखाजीला टीव्ही अन् व्हीसीआर घरी आणून देतो. लिलाअक्काला दाखवा."

लिलाबाईंनी ते ऐकलं आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस मोजायला सुरुवात केली. लेक प्रमिला माहेरी येणार होती. गल्लीतल्या बायकांना आमंत्रणं गेली. "बठ्ठास्नी या," लिलाबाई दारोदार सांगून आल्या, "आमना राक्षस दखाले."

त्याच संध्याकाळी नानांनी पितांबरच्या दुकानात बसून कॅसेट पाहिली.

पडद्यावर एक म्हातारा होता. त्याच्या मिशा मेघासुराच्या होत्या, पण पोट त्याचं स्वतःचं होतं. तो हळूहळू गदा उचलायचा, ती डोक्यावर नेताना जरा थांबायचा, बहुधा दम खायला, आणि मग ती खाली यायची. गदा कागदाच्या लगद्याची. ती शत्रूच्या ढालीवर पडली की "टुप" असा आवाज यायचा, कोणीतरी वांगं टाकावं तसा. बाकी सगळ्यावर जनरेटरची घरघर.

"हा मी आहे?" नानांनी विचारलं.

"दुसरं कोण असणार, नाना? बनियन तुमचंच दिसतंय आतून."

एकोणतीस वर्षांच्या थापा सात मिनिटांच्या युद्धात उघड्या पडणार होत्या, आणि त्याही गल्लीतल्या बायकांच्या देखत. नानांनी ती कॅसेट हरवावी असा विचार केला. पण पितांबर म्हणाला, "चित्र बदलता येत नाही. आवाज बदलता येतो. लग्नाच्या व्हिडिओत नवरी बदामाच्या आकारातून बाहेर येते ना, तिला मी 'सूऽऽ' असा आवाज लावतो. त्याच्याशिवाय ती नुसती चिकटवलेली दिसते. तुमच्या गदेलाही लावू."

पितांबरचं काम असं चालायचं. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची, चित्र दुसऱ्यात उतरवायचं. मूळचा आवाज, टेपरेकॉर्डरवरचा आवाज आणि माईकसमोर केलेला आवाज, हे तिन्ही एका छोट्या मिक्सरमध्ये आणून, दांड्या वरखाली सरकवत, चित्राबरोबरच दुसऱ्या कॅसेटवर जायचे. मध्येच थांबलं तर जोडावर चित्र थरथरायचं. म्हणून युद्धाची सातही मिनिटं एका दमात करायची होती. चुकलं की पहिल्यापासून.

"हे तर नाटकच झालं," नाना खूश होऊन म्हणाले.

ते दुसऱ्या दिवशी सगळं सामान घेऊन हजर झाले: हवेत फिरवायला वेताची छडी, आपटायला ज्वारीची अर्धी गोणी, आणि मंडळीचा जुना पत्रा, ज्यावर विजा कडाडायच्या. पितांबरने पत्रा जिन्याबाहेर ठेवला.

"नाना, हे शेवटच्या रांगेसाठी नाही. माईक हातभर अंतरावर आहे. आणि छडी माईकच्या शेजारून फिरवा, वारा थेट त्याच्या तोंडावर गेला तर नुसतं 'भप्प' होईल."

"मला शिकवतोस? मी मेलो तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

"कितव्यांदा मेलात तेव्हा?"

कॅसेट सुरू झाली. नानांनी डोळे मिटले. मेघासुराचं युद्ध त्यांच्या अंगात होतं, बघायची गरजच काय? एक पाऊल, दोन पावलं, छडी "सुईऽ", गोणी "धप्प!" वळसा, आरोळी, "सुईऽ", "धप्प!" सात मिनिटं ते त्या जिन्याखाली पंचवीस वर्षांचे होऊन लढले. घाम पुसून त्यांनी डोळे उघडले तेव्हा पितांबर टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

"बघा," म्हणून त्याने कॅसेट लावली.

पडद्यावर "सुईऽ" झालं, "धप्प!" झालं, सगळं आटोपलं, आणि मग म्हाताऱ्याने सावकाश गदा उचलली. ती खाली येईपर्यंत पुढच्या दोन वारांचे आवाज होऊन गेले होते. मेघासुर स्वतःच्या आवाजामागे धापा टाकत धावत होता. त्यात पितांबरने घरघर झाकायला पारोळ्याच्या बाजारातली गर्दी टेप करून खाली भरली होती; राक्षसाने "कोण आहे माझ्यासमोर?" अशी गर्जना केली, त्यावर स्वच्छ उत्तर आलं, "लाल मिरची घ्या!"

"ती माझी चूक," पितांबर म्हणाला. "विक्रेत्याच्या फार जवळ उभा राहिलो. गर्दीत एकही शब्द कळता कामा नये. दुसरी आणतो. पण तुम्ही पडद्याकडे का नाही बघत?"

नानांनी छडी उचलून काखेत घातली. बघायचं म्हणजे तो म्हातारा बघायचा.

घरी आले तेव्हा लिलाबाई आखाजीसाठी गोधड्या धूत होत्या. दगडावर भिजलेली गोधडी होती. नानांनी छडी कोपऱ्यात टाकली.

"काय करी ऱ्हायनात तुम्ही दोन रोज?" लिलाबाईंनी विचारलं.

नानांनी निम्मंच सांगितलं. व्हिडिओत गदेचा आवाज नीट आला नाही, छडीने करून बघतोय, जमत नाही, एवढं. म्हाताऱ्याचं नाव काढलं नाही.

लिलाबाईंनी छडी उचलून हवेत फिरवली. "हाई गदा शे का?" त्या म्हणाल्या. "हाई ते मास्तरनी छडी शे. गदा जड व्हती ना?"

"फार जड. दोन माणसं उचलत." हेही खोटंच.

"मंग? जड वस्तू पहिले रुसस, मंग हालस." त्यांनी भिजलेली गोधडी दोन्ही हातांनी धरली. ती लगेच उठलीच नाही. मग सावकाश, कुरकुरत वर आली, क्षणभर डोक्यावर तशीच राहिली, आणि "हूऽऽऽम" करत खाली वळली. खोल, दमदार आवाज. दगडावर ती पडली तेव्हा तुळशीजवळची चिमणी उडाली.

नाना बघत राहिले. असंच तर तो म्हातारा गदा उचलत होता! आधी रुसणं, मग हलणं, वर क्षणभर थांबणं. ते म्हातारपण नव्हतं. नीट आवाज दिला तर ते वजन होतं. (दम खाणंही होतं, पण ते कोणाला कळणार?)

पितांबरचा टेपरेकॉर्डर अंगणात आला. लिलाबाईंनी गोधडी वीस वेळा फिरवली आणि प्रत्येक वेळी "आखो?", म्हणजे आणखी का, असं विचारलं. नाना माईक बाजूने धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या कामात संवाद घातले नाहीत.

मग जिन्याखाली पुन्हा युद्ध लागलं. टेपवरचा आवाज पितांबर सोडणार होता: गदा वर चढताना तो सुरू करायचा, वार बसण्याच्या किंचित आधी संपवायचा, म्हणजे आपटण्याला जागा राहते. आपटणं नानांकडे. गदा ढालीला टेकेल त्याच क्षणी गोणी, ना आधी ना नंतर. नवीन गर्दी फक्त गुणगुणत होती. संवाद आला की पितांबर तिला खाली घ्यायचा, वार आला की वर. यावेळी नानांनी डोळे उघडे ठेवले.

पहिला वार. "हूऽऽऽम," आणि गोणी. बरोब्बर. दुसरा. तिसरा. पडद्यावरचा म्हातारा जड होत गेला, मोठा होत गेला. त्याच्या गदेत लगदा होता हे नानाही विसरले. ते त्याच्याकडे बघू लागले. दीड हजार वेळा ते मेले होते, पण मेघासुर मरताना कसा दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते नेहमी त्याच्या आत असायचे. शेवटचा घाव बसला. राक्षस एका गुडघ्यावर आला, आभाळाकडे पाहिलं, आणि आडवा झाला.

गोणी नानांच्या हातातच राहिली.

पितांबर वाट बघत होता. सर्वांत मोठा आवाज इथे ठरला होता, आणि त्याला जागा म्हणून त्याने गर्दी, घरघर, सगळ्या दांड्या पूर्ण खाली ओढल्या होत्या. आवाज आलाच नाही. कॅसेट संपली.

"नाना!"

"राक्षस मेला आणि आवाज नाही!" नाना कपाळावर हात मारून म्हणाले. "पुन्हा लाव."

"आता कुठे पुन्हा? उद्या आखाजी. मला दोन लग्नं द्यायची आहेत."

आखाजीच्या दुपारी टीव्ही पाटावर चढला. बायकांनी घर भरलं. प्रमिला आईला टेकून बसली. नाना दाराशी उभे राहिले, पळता यावं म्हणून. मेघासुर आला तेव्हा शेजारच्या धुरपदाबाई म्हणाल्या, "मिशा चांगल्या शेतस." मग पहिला वार झाला आणि पुढच्या बायका मागे सरकल्या. तिसऱ्या वाराला एका पोराने आईच्या पदरात तोंड घातलं. नानांनी कोणालाच सांगितलं नव्हतं की त्या गदेच्या मागे कोणाचे हात आहेत. लिलाबाईंनीही सांगितलं नाही. आपली गोधडी त्यांना पहिल्याच वारात ओळखू आली असणार, पण त्या डोळे न हलवता बघत होत्या.

शेवट जवळ आला तसे नाना अर्धे दाराबाहेर सरकले. आता ती चूक. राक्षस गुडघ्यावर आला. आडवा झाला. आणि घरात इतकी शांतता पसरली की बाहेर आखाजीच्या झोक्याची कडी वाजलेली ऐकू आली.

त्या शांततेत लिलाबाई मागे वळल्या. सगळ्या बायकांसमोर, नवऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमले लागनं का वो?"

कोणी हसलं नाही. नानांनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगावं असं क्षणभर वाटलंही: खाली गवताचा भारा होता, वर सतरंजी होती, एकोणतीस वर्षांत कधी खरचटलं नाही.

"लागलं," ते म्हणाले. "पण तेव्हा सांगायची सोय नव्हती."

लिलाबाई उठल्या आणि हळद-तेल गरम करायला चुलीकडे गेल्या. नाना लंगडत, अगदी थोडं लंगडत, त्यांच्या मागून गेले.