कठडा फूटभर पुढं का गेला

रहिमतपूरच्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पंगती उठल्या, चुलत्यांनी आर्किटेक्ट बाईंना साडी-नारळ दिला आणि रिवाजाप्रमाणे माईक हातात देऊन म्हणाले, "दोन शब्द बोला." मी आबांकडं पाहिलं.

आबांना, माझ्या वडिलांना, काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं आणि पायाखालचं दिसत नाही. फौजेत सुभेदार होते. गावात कळलं तर लोक हाताला धरून चालवतील, म्हणून मला शपथ घातलेली. ती मोडून मी एकट्या बाईंना सांगितलं होतं. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक बदलावर मी वाद घातला तो वेगळाच. माझा स्वभावच तसा.

बाई शांतपणे बोलू लागल्या. पायऱ्या साडेपाच इंच उंचीच्या, सगळ्या अगदी सारख्या, कारण एखादी कमी-जास्त झाली की पाय चुकतो. फिकट पायरीला काळ्या दगडाची कड, म्हणजे ती कुठं संपते ते दिसतं. जिन्याआधी दोन फूट फरशी खरखरीत ठेवली, पायाला आधीच कळावं म्हणून. दिव्याची बटणं प्रत्येक दाराशी एकाच बाजूला, एकाच उंचीवर. बाथरूमचं दार बाहेर उघडतं, आत कुणी पडलं तरी ते अडत नाही. या दारावरून मी त्यांच्याशी आठवडाभर भांडलो होतो. ऐकताना माझी मलाच लाज वाटली.

"आणि कठडा शेवटच्या पायरीच्या पुढं फूटभर नेलाय. लहान मुलं धावत उतरतात. पायऱ्या संपल्या हे त्यांच्या हाताला कळावं."

आबांचं नाव कुठंच नव्हतं. बाईंनी किती जपून सांभाळलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर आबा खुर्चीतून उठले.

"थांबा बाई. आमच्या घरात ल्हान पोरगं हाय कुठं?"

बाई माईक खाली घेऊ लागल्या, तसे आबाच पुढं बोलले.

"हे समदं माझ्यासाठी केलंय. मला पायाखालचं दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. एवढं डोकं लावून काम केलं बाईंनी, आन् माझ्यापायी त्यांनी दुसरंच कारण सांगायचं व्हय? ते काय मला बरं वाटंना."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. जिन्याकडं गेले, कठड्याला हात लावला आणि फौजेतल्या आपल्या दोन दोस्तांना बोलावलं. "या रं गड्यांनो. वर जाऊ, डोळं मिटू आन् उतरू."

तिघं म्हातारे डोळे मिटून उतरू लागले. दोस्त एकेका पायरीवर चाचपडत होते. आबा त्यांच्या आधी खाली पोचले, वळले आणि त्यांच्यासाठी हात पुढं केला.