हातमागाची चाळणी

ऑनलाइन खरेदीच्या साइटवाल्यांनी मला फसवलं, आणि माझ्यामार्फत खाप्याच्या एका विणकराला. हे मी भर इतवारी बाजारात उभा राहून सांगतो.

फूटपाथवर साड्या विकत मी दुकानापर्यंत आलो. सगळी गाठोडी एकदम उघडायची नाहीत, गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायचं, हा माझा नियम. साइटचा माणूस माल फोनवरून साइटवर चढवायला आला तेव्हा नावात आम्ही ‘खाप्याची हातमागाची सुती साडी’ लिहिलं. खाली कापड, विणकाम, काठ असे रकाने होते. मी म्हटलं, राहू द्या, बाईनं विचारलं की सांगू.

‘‘चालेल काका, ताऱ्याची खूण असलेलेच रकाने भरावे लागतात,’’ तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

‘हातमागाची साडी’ शोधलं की आमचीच पहिली दिसायची. त्या भरवशावर विणकरानं दुसरा माग घातला. मग साइटनं चाळण्या, म्हणजे ते फिल्टर, फोनवर अगदी वर, ठळक आणून ठेवल्या, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या ऑर्डरी आटल्या. मी विणकरावरच भडकलो.

‘‘काठ बिघडवला का गा?’’

‘‘काठ तोच हाय, शेटजी. तुमचं गिऱ्हाईक कुठं गेलं ते पाहा ना!’’

सुनेनं माझ्या हातातून फोन घेतला.

‘‘मामाजी, तुम्ही नुसतं नाव टाकून पाहून राहिले. बाया चाळणी लावतात.’’ तिनं ‘विणकाम : हातमाग’वर बोट ठेवलं. आमची साडी गायब! पहिली आली ती यंत्रमागावरची. काठ बघूनच मी ओळखली.

‘‘हे काहून वं?’’

‘‘त्यानं रकान्यात हातमाग भरलं. तुमचा रिकामा. चाळणी रकाना पाहते, साडी नाही पाहत.’’

म्हणजे आधी चाळायचं, आणि उरलेल्यांतच पहिला-दुसरा नंबर लावायचा. आमचा पहिला नंबर न चाळलेल्या ढिगातला. चाळणाऱ्या बाईसाठी आम्ही शर्यतीतच नव्हतो.

साइटच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणतो, ‘‘काका, तुमची तर पहिलीच दिसतेय!’’ मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रकाने भरले. साडी चाळणीत आली, पण पार तळाशी. चाळणीतला नंबर लावताना नावाऐवजी अलीकडची विक्री, किती जणींनी साडी उघडून पाहिली, हे मोजतात. आमच्याकडे तेच आटलेलं. जी दिसत नाही ती खपत नाही, आणि जी खपत नाही ती वर येत नाही. मी भाव पाडून पाहिला, तरी ती हलली नाही.

विणकरानं दोन्ही माग सोडले. आता तो हिंगण्याला खोली घेऊन कारखान्यात पाळी करतो. मागे भेटला तेव्हा माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त दुकान कसं चाललंय ते विचारलं.

साड्यांचे भाव मी आयुष्यभर घासाघीस करून ठरवले. याचा भाव मला ठरवता येत नाही. रिकामा रकाना म्हणजे चाळणीबाहेर, हे त्या चहा पिणाऱ्याला ठाऊक होतं. मग तो बोलला का नाही? आणि यंत्रमागाला हातमाग म्हणणाऱ्याला कोणी तपासलं का नाही? माझ्या दुकानात नको, त्या विणकरासमोर बसून साइटवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.